‘णार नाही’चा ठेका

सोलापुरात मोर्चा कुठूनही निघो, तो बहुधा येऊन थांबतो पूनम गेटसमोर. बिडी वळणाऱ्या बायकांचा मोर्चा असेल तर त्यातल्या बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलतात. काही कन्नड बोलतात, काही उर्दू. मराठी त्यांना बाजारापुरती आणि कारखान्यापुरती येते. तरीही पुढच्या बाईने हात वर करून ‘कोण म्हणतो देणार नाही?’ अशी हाक दिली की मागून ‘घेतल्याशिवाय राहणार नाही!’ हे उत्तर एका दमात येतं, एकही अक्षर न अडखळता. त्याच मोर्चात नंतर कोणी पुढारी माईकवर अर्धा तास बोलतो. हजारी मजुरीचे आकडे सांगतो, कायद्याचं कलम सांगतो, आणि ते सगळं बरोबरही असतं. घरी जाताना त्यातलं एक वाक्यही कोणाच्या तोंडी नसतं.

ही घोषणा कोणी रचली, हे मी कधी शोधत बसलो नाही. महाराष्ट्रभर ती शेकडो मोर्चांत दिली जाते. पण ती कशी बांधली आहे, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. दोन्ही ओळींचा शेवट एकच, ‘णार नाही’. पहिल्या ओळीतला ‘नाही’ मालकाच्या तोंडचा आहे, तो नकार देतोय. दुसऱ्या ओळीतला ‘नाही’ आपल्या तोंडचा आहे, आपण हटायला नकार देतोय. शब्द तोच, शेपूट तेच, पण मधल्या एका श्वासात नकाराची मालकी बदलते. ‘देणार’समोर ‘घेतल्याशिवाय’ उभं राहतं तेव्हा विरोध नुसता अर्थात राहत नाही, तो नादात येतो. शिवाय पहिली ओळ प्रश्न आहे. प्रश्न ऐकला की तोंड आपोआप उघडतं. ज्या बाईला ‘शिवाय’ या शब्दाचं व्याकरण सांगता येणार नाही, तिलाही दुसरी ओळ कुठे जाऊन संपणार हे पहिली ओळ ऐकतानाच कळलेलं असतं. कानात ओळ राहते ती बहुतेक याच कारणाने. अर्धी ऐकली की उरलेली अर्धी ऐकणाऱ्याने स्वतःच पुरी केलेली असते.

यात मराठीची एक सोय आहे, तिच्याकडे वक्त्यांचं लक्ष क्वचित जातं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे वाक्याचा निकाल शेवटच्या दोन-तीन अक्षरांत लागतो. तोवर ऐकणारा लटकत असतो. त्यातही ‘णार’ हे रूप भविष्यकाळाचं असलं तरी त्याला ‘च’ किंवा ‘नाही’ जोडलं की ते भविष्य राहत नाही, शपथ होते. लोकमान्यांचं स्वराज्याचं वाक्य आठवा. जन्मसिद्ध हक्काची गोष्ट सांगून झाल्यावर ‘मिळवणारच’ हा शब्द येतो, आणि त्यातल्या शेवटच्या ‘च’वर सगळं वाक्य उभं आहे. तो ‘च’ काढून मोठ्याने म्हणून बघा. हक्क तसाच राहतो, पण माणूस खाली बसतो.

हाच ठेका मराठी भाषणाच्या इतिहासातल्या एका ओळीत इतका पक्का बसला आहे की ती ओळ आजही जयंतीच्या मिरवणुकीत, सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या मिलिंद नगरापासून खेड्यातल्या समाजमंदिरापर्यंत, कोणीही सांगू शकतं. 13 ऑक्टोबर 1935, नाशिक जिल्ह्यातलं येवला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930च्या मार्चमध्ये सुरू झाला होता. पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नव्हतं. येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. लोकांच्या तोंडी ती अशी आहे: मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या दिवशीचे शब्द वेगवेगळ्या वृत्तांतांत थोडे वेगवेगळे आहेत, आणि मूळ बोलणं या ओळीपेक्षा लांब होतं. त्याचा आशय असा: अस्पृश्य म्हणून हिंदू धर्मात जन्म झाला, हे दुर्दैव, ते टाळणं माझ्या हातात नव्हतं, पण अपमानाच्या स्थितीत जगायला नकार देणं माझ्या हातात आहे, म्हणून सांगतो, हिंदू म्हणून मरणार नाही. यात तर्काची एक पूर्ण साखळी आहे. हातात नव्हतं आणि हातात आहे, हा तिचा सांधा. लोकांनी तो सांधाच काढून टाकला आणि दोन टोकं तेवढी ठेवली. लोकांची जीभ मोठी कडक संपादक असते. पण इथे तिने जे कापलं ते वाया गेलं नाही, कारण ‘हातात नव्हतं’ हे ‘जन्मलो’ या एका क्रियापदात आधीच आहे. जन्म कोणाच्याच हातात नसतो. ‘मरणार नाही’मध्ये ‘हातात आहे’ हेही आहे. युक्तिवाद क्रियापदांत विरघळला, म्हणून तो पाठ करावा लागला नाही.

आता ओळ कानाने ऐकू. ‘हिंदू म्हणून’ हे दोन शब्द दोनदा येतात, जसेच्या तसे. नवशिका वक्ता इथे हमखास चुकतो. त्याला शाळेत शिकवलेलं असतं की पुनरुक्ती टाळावी. तो दुसऱ्या भागात ‘पण या धर्मात माझा अंत होणार नाही’ असं काहीतरी म्हणेल. अर्थ तोच, पण ओळ मेली. कारण विरोध ऐकू यायचा तर बाकी सगळं सारखं असावं लागतं. दोन्ही बाजूंना ‘हिंदू म्हणून’ अगदी तसंच ठेवल्यामुळे कानाला तुलना करायला एकच जागा उरते, शेवटची. तिथे एकीकडे ‘जन्मलो’ आहे, झालं गेलं, भूतकाळ, होकार. दुसरीकडे ‘मरणार नाही’, पुढचं, न घडलेलं, नकार. काळही उलटला, होकारही उलटला, आणि आयुष्याची दोन टोकंही समोरासमोर आली. तीन उलटापालटी एकाच जागी झाल्या, पण वाक्यात फक्त क्रियापद बदललं. शिवाय ‘जन्मलो’ तीन अक्षरांत उडून जातं आणि ‘मरणार नाही’ रेंगाळतं. संपताना ओळ लांब होते, पाय रोवते.

मधला ‘पण’ही बघा. एवढासा शब्द, पण तो आधीच्या अर्ध्यावर पूर्णविराम देऊ देत नाही. मंचावरून बोलताना बहुतेक जण ‘पण’च्या आधी थांबतात, आणि ते बरोबर आहे. पण काही जण ‘पण’नंतरही थांबतात. हे दुसरं थांबणं घातक. ‘पण’ म्हटल्यावर लोकांना ओळीचा शेवट दिसलेला असतो, आणि आपण तिथे रेंगाळलो तर ते आपल्या आधी पोहोचतात. जिथे टाळी पडायला हवी तिथे मग नुसती मान हलते.

विरोध हे वक्त्याचं पहिलं हत्यार, दुसरं त्रिक. त्याची गोष्ट याहून फसवी. तीनची जादू सगळ्यांना माहीत असल्यामुळे तिचा सर्रास वापर होतो, आणि सोलापूरच्या कुठल्याही उद्घाटनाला जा, ‘विकास, प्रगती आणि उन्नती’ हे तिघे हातात हात घालून आलेले असतात. या त्रिकात एकच शब्द आहे, तीन वेळा. कानाला ते लगेच कळतं. पहिल्या शब्दानंतर त्याने पुढचा घास घ्यायला तोंड उघडलेलं असतं, आणि वाढणारा तेच पुन्हा वाढतो. दुसरी खोड म्हणजे तिसऱ्या शब्दाच्या आधीचा ‘आणि’. कागदावर तो निरुपद्रवी दिसतो. मंचावर तो सांगतो की आता संपतंय, आवरा. कधी हे हवंही असतं. पण आज्ञा द्यायची असेल तेव्हा नको.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.’ मराठी घरांत भिंतीवर, वह्यांवर, निळ्या झेंड्यांवर असलेलं हे त्रिक ‘आणि’शिवाय आहे. इंग्रजीतली ही त्रयी बाबासाहेबांच्या आधीही होती. ब्रिटनमधल्या समाजवादी मंडळींत ती 1880च्या दशकापासून चालत आली होती. जुलै 1942मध्ये नागपूरच्या परिषदेत इंग्रजी भाषणाचा शेवट करताना बाबासाहेबांनी ती वापरली तेव्हा चळवळ मधे होती आणि संघटना शेवटी. मराठीत रूढ झालेला क्रम उलटा आहे. या क्रमावरून तात्त्विक वाद घालणारे लोक आहेत, घालोत. मी फक्त कानाची बाजू मांडतो.

‘शिका’ म्हणजे दोन अक्षरं. ‘संघटित व्हा’ म्हणायला जवळपास त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ‘संघर्ष करा’ त्याहून थोडा लांब, आणि मधल्या ‘र्ष’वर जीभ घासून जाते. पायऱ्या चढत जातात. तिन्ही पायऱ्यांची सुरुवात ‘श-स-स’ अशा एकाच जातीच्या वाऱ्याने होते. दुसरी आणि तिसरी तर ‘संघ’ याच उच्चाराने उठतात. तिघींचा शेवट ‘आ’वर: शिका, व्हा, करा. तोंड उघडं राहून संपणारी आज्ञा. आता क्रम बदलून मोठ्याने म्हणा: शिका, संघर्ष करा, संघटित व्हा. अर्थ बिघडत नाही, कदाचित काहींच्या मते सुधारतोही. पण शेवटचा ‘व्हा’ तोंडातच मावळतो. आधीच्या ‘करा’चा हातोडा पडून गेल्यावर ‘व्हा’ म्हणजे विनंती वाटते. लोकांनी जी ओळ ठेवली ती चढणारी ओळ. आणि तिचा अर्थही चढणारा आहे, एकेकट्याने शिकायचं, मग एकत्र यायचं, मग भिडायचं. माणसं एकापासून अनेकांपर्यंत वाढतात, तशी ओळही वाढते.

बाबासाहेबांच्याच तोंडचं दुसरं त्रिक शेजारी ठेवलं की फरक कळतो. 25 नोव्हेंबर 1949ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्याबद्दल सांगितलं की या तीन वेगवेगळ्या वस्तू नाहीत. एकीला दुसरीपासून तोडलं तर लोकशाहीचा हेतूच पराभूत होतो. भाषण इंग्रजीत होतं, पण आपण ही त्रयी मराठीत म्हणून बघू. स्वातंत्र्य, समता, बंधुता. तिन्ही तीन-तीन अक्षरांच्या. कोणी मोठी नाही, कोणी धाकटी नाही. इथे पायऱ्या नाहीत, तिपाई आहे, आणि तिपाईचे पाय सारखेच लागतात. म्हणून इथे क्रम बदलला तरी कान फारसा तक्रार करत नाही. पायऱ्यांची उलथापालथ मात्र त्याला चालत नाही. भाषण लिहायला बसणाऱ्याने स्वतःला आधी हे विचारावं, आपल्या तीन गोष्टी एकावर एक आहेत की एकमेकींच्या शेजारी? उत्तर मिळालं की लांबी आपोआप ठरते. बहुतेक त्रिकं कोसळतात ती इथे. चढत जाणाऱ्या तीन गोष्टींना सारख्या लांबीचे शब्द दिले जातात, किंवा सारख्या तिघींतल्या एकीला उगाच लांब शेपूट लावलं जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं तीच महत्त्वाची.

तिसरं हत्यार म्हणजे फिरून येणारी ओळ. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागू नये. सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर आहे, आणि इथल्या माणसाने लहानपणी कधी ना कधी कीर्तनाला मांडी घातलेली असते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक पद मांडतात, त्याचं निरूपण करतात, मग उत्तररंगात भलतीच गोष्ट सुरू करतात. कुठल्या राजाची, कुठल्या भक्ताची. श्रोता त्या गोष्टीत पार रमतो. आणि गोष्ट टोकाला पोचली की बुवा अचानक तेच पहिलं पद उचलतात. शब्द तेच असतात, पण आता त्यांच्यात गोष्टीतला माणूस शिरलेला असतो. श्रोत्याला वाटतं, अरे, हे तर मघाच सांगितलं होतं, आणि मला कळलंच नव्हतं. फिरून येणाऱ्या ओळीचं सगळं कसब या एका ‘मघाच’मध्ये आहे.

तिच्या अटी मात्र कडक आहेत. पहिल्या वेळी ओळ इतकी साधी आणि ठसठशीत असली पाहिजे की ती वेगळी ऐकू यावी. मधे इतकं अंतर हवं की ती विसरल्यासारखी वाटावी, पण विसरलेली नसावी. आणि परत आणताना तिच्यात जमलं तर एकच बदल करावा. अनेक वक्ते सुरुवातीची ओळ शेवटी आणताना तिला नटवून आणतात. चार विशेषणं लावतात, वाक्यरचना फिरवतात. मग ऐकणाऱ्याला ती परत आली हे कळतच नाही. ओळखीच्या माणसाने मुखवटा घालून यावं तसं होतं ते. उलट मधे काहीच घडलं नसेल, आणि ओळ फक्त पुन्हा म्हटली असेल, तर तो नुसता जप होतो.

येवल्याची ओळ फिरून यायच्या आधी खरी झाली, ती एकवीस वर्षं आणि एक दिवसानंतर. 14 ऑक्टोबर 1956, नागपूर, अशोक विजयादशमी. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली. त्या दिवशी मैदानावर घुमलेलं त्रिशरणही कानाच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे. शरण जायचं ते तिघांना, आणि प्रत्येकाला तीन वेळा, म्हणजे नऊ ओळी, सगळ्यांचा शेवट ‘गच्छामि’ या एकाच क्रियापदावर. भाषा पाली, म्हणजे जमलेल्यांपैकी जवळजवळ कोणाचीच नाही. तरी ती त्याच दिवशी लोकांच्या जिभेवर बसली. पूनम गेटच्या तेलुगू बायकांना मराठी घोषणा पेलते त्याच न्यायाने. शब्द परका असला तरी ओळीची चाल ओळखीची असली की पुरतं.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. 15 ऑक्टोबरला सकाळी त्यांनी नागपुरात दीर्घ भाषण केलं. त्यात येवल्याची प्रतिज्ञा आली. त्यांनी सांगितलं ते असं की हिंदू धर्मात जन्मलो तरी त्यात मरणार नाही, अशी प्रतिज्ञा मी पूर्वीच केली होती, आणि काल ती खरी करून दाखवली.

बघा, जुनी ओळ जवळजवळ तशीच ठेवली आहे. तिला कोणतंही विशेषण नाही, कोणताही अलंकार नाही. एकवीस वर्षांत काय काय झालं याची यादी नाही, आणि ती यादी किती लांब झाली असती! गोलमेज परिषदा आणि पुणे करार आधीचे, पण 1935नंतरही मजूर मंत्रिपद, संविधान, हिंदू कोड बिल, राजीनामा. यातलं काहीही या वाक्यात शिरलं नाही. जोडला गेला तो मुख्यतः एक शब्द, ‘काल’. येवल्याच्या ओळीतला ‘मरणार नाही’ भविष्याकडे तोंड करून उभा होता. ‘काल’ आला आणि ते भविष्य भूतकाळात जमा झालं. त्या मैदानावरचा माणूस आदल्या दिवशी तिथेच होता. ‘काल’ म्हटल्यावर त्याला आठवायला काही कष्ट नव्हते, त्याच्या अंगावर अजून त्याच पांढऱ्या कपड्यांच्या घड्या होत्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कीर्तनकाराला आपलं पद तासाभरात परत आणायचं असतं, म्हणून ते श्रोत्याच्या कानात टिकवण्याची जबाबदारी त्याचीच. येवल्याची ओळ एकवीस वर्षं टिकवली ती लोकांनी, कोणी सभेत, कोणी गाण्यात, कोणी नुसतं घरात. नागपुरात उभं राहून तिची आठवण करून द्यायला वक्त्याला भूमिका बांधावी लागली नाही. ‘तुम्हाला आठवत असेल’ असं म्हणण्याची गरज नव्हती. आठवतच होतं. आणि ज्या ओळीचा विरोध इतका स्वच्छ आहे, जिची दोन्ही टोकं एकमेकांना धरून उभी आहेत, तीच इतकी वर्षं लोकांच्या तोंडी शाबूत राहू शकते. लांब मूळ वाक्य असतं तर 1956मध्ये ते आधी वाचून दाखवावं लागलं असतं.

दोन महिनेही झाले नाहीत तोच, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ‘मरणार नाही’मधला नकार खरा ठरायला आता कोणाच्या भाषणाची गरज उरली नव्हती.

आज सोलापुरात 14 एप्रिलच्या सभांना हीच ओळ बरेच जण म्हणतात, आणि त्यातले काही तिला शेवटी ‘आणि आपणही शपथ घेऊया’ असं जोडतात. तिथे सभेचा आवाज उतरतो, दरवेळी उतरतो. वक्त्याला वाटतं लोक थकले. खरं तर ‘णार नाही’वर लोकांचा श्वास पुरा झालेला असतो आणि वक्ता नवा श्वास मागत असतो.